डाळ झाली का, पाण्याला विचार : इडलीच्या पिठाच्या एका जाहिरातीची जन्मकथा

काम आलं तेव्हा मागणी एका ओळीची होती: ‘आजीची रेसिपी, साठ सेकंद, गोष्टीच्या रूपात.’ पुण्यातला एक छोटा कारखाना, दोन भाऊ, इडली-डोशाचं तयार पीठ. एक किलोचं पाकीट दुकानातल्या फ्रीजमध्ये दुधाच्या शेजारी ठेवलेलं असतं. कुटुंब मूळचं उडुपीकडचं, तीन पिढ्यांपासून पुण्यात. ब्रँडचं नाव इथे देत नाही, पण जाहिरात कशी बनली, कुठे फसता फसता राहिली आणि कुठे खरोखर फसली, ते सगळं सांगतो.

पहिला मसुदा मी दोन तासांत लिहिला. इतक्या लवकर झाला म्हणूनच खरं तर संशय यायला हवा होता. तो असा होता:

‘पहाटेचे चार. तुळशीपुढे दिवा. नऊवारीतली आजी रगड्याशी बसली आहे. उंबऱ्यातून नात बघते आहे. वीस वर्षांनी तीच नात शहरातल्या फ्लॅटमध्ये पाकीट कापते. वाफाळती इडली, पहिला घास, डोळ्यांत पाणी. “हीच ती चव!” आवाज: “आजीची पारंपरिक रेसिपी, अगदी घरी केल्यासारखी.”’

भावांना आवडला. धाकट्याने तर लगेच नऊवारीचा रंग सुचवला. मला रात्री घरी गेल्यावर पहिली खोट दिसली, आणि ती माझ्याच घरातली होती. माझी आजी इडली करायचीच नाही. ती आंबोळ्या करायची, घावन करायची, भाजणीची थालीपिठं करायची. इडली आमच्या घरी आली ती मिक्सर आणि इडलीपात्र आल्यानंतर, आईच्या हातून. त्याआधी इडली म्हणजे उडप्याच्या हॉटेलात जाऊन खायची गोष्ट. मराठी घरांत बहुतेक असंच आहे. तुळस आणि नऊवारी दाखवून इडलीला ‘आजीची’ म्हटलं तर चाळिशीपुढचा प्रेक्षक मनात म्हणणार, कुणाची आजी?

पण या भावांची आजी खरीच इडली करायची. म्हणजे आजी हवी, पण ती त्यांचीच हवी. कानडीत आणि तुळूतही आजीला ‘अज्जी’ म्हणतात, आणि मराठी कानाला ते लाडाने ‘आज्जी’ म्हटल्यासारखंच ऐकू येतं. एवढा सांधा पुरेसा होता.

अज्जींना भेटायला गेलो. वय ८१, मराठी उत्तम, फक्त ‘ळ’ थोडा जास्त ठसठशीत. मी कौतुकाने रगड्याबद्दल विचारलं. तो अजून गॅलरीत आहे, कुंड्यांच्या मागे. त्या त्याला ‘रुब्बु कल्लु’ म्हणतात. म्हटलं, “अज्जी, त्या दगडाची सर मशीनला नसेल ना?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न घशातच राहिला.

“दगड मला आवडायचा असं कोण म्हणालं? इडली आवडायची. उजवा खांदा त्याच दगडाने गेला.”

या वाक्याने माझा पहिला मसुदा तिथल्या तिथे मोडीत काढला. आजीच्या हाताची आठवण काढणाऱ्या बहुतेक जाहिराती आजीचे कष्ट सुंदर करून दाखवतात आणि लगेच ते कष्ट वाचवणारं पाकीट विकतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. पहाटेचं वाटण इतकं पवित्र असेल, तर पाकीट घेणारी बाई काहीतरी कमी करते आहे, असाच त्याचा अर्थ निघतो. तिला अपराधी वाटायला लावून तिच्याच हातात पाकीट द्यायचं, हा उद्योग माझ्या मते वाईटच. आणि तो चालतही नाही. अज्जींनी वाट मोकळी करून दिली: चव प्रिय, दगड नाही.

मग खरं काम, म्हणजे रेसिपी. अज्जींचं प्रमाण एक वाटी उडदाचा गोटा आणि दोन वाट्या उकडा तांदूळ. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे. आधी डाळ वाटायची, अगदी मऊ, कापसासारखी. तांदूळ नंतर आणि जरा रवाळ. डाळ वाटताना पाणी एकदम ओतायचं नाही, माठातल्या गार पाण्याचा हबका मारत राहायचं. “गरम झाली की डाळ रुसते,” त्या म्हणाल्या. आणि झाली हे कसं ओळखायचं? वाटीत पाणी घ्यायचं आणि डाळीचा बोराएवढा गोळा त्यात सोडायचा. बुडाला तर अजून वाटायचं. तरंगला तर झालं.

यामागचं कारण साधं आहे. उडदात एक बुळबुळीत, चिकट द्रव्य असतं. नीट वाटलं की ते सुटतं आणि वाटताना मिसळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात धरून ठेवतं. हवा पुरेशी धरली गेली की गोळा पाण्यापेक्षा हलका होतो. पुढे रात्रभर पीठ आंबताना तयार होणारा वायूही हेच जाळं अडवून ठेवतं, म्हणून इडली फुगते. जी डाळ पाण्यात बुडते, तिची इडली बहुधा चपटी आणि घट्ट होते.

हे ऐकताना मला चित्र दिसलं. जाहिरातीला जे हवं असतं ते सगळं त्यात होतं: एक लहानशी कृती, एक प्रश्न, दोन शक्यता, आणि उत्तर डोळ्यांना दिसणारं. पांढरा गोळा काळ्या वाटीतल्या पाण्यात बुडतो. पुन्हा वाटण. पुन्हा सोडला, तरंगला. मूल बघत असेल तर हीच गोष्ट झाली. चवीची स्तुती करायला एक शब्दही लागत नाही.

पण चित्र आवडलं म्हणून ते खरं ठरत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. तिथल्या फूड टेक्नॉलॉजिस्ट बाईंना मी तीन प्रश्न विचारले. प्रमाण तेच आहे का? नाही. कारखान्यात डाळीला साधारण तिप्पट तांदूळ असतो, वर थोडी मेथी. कारण एकाच पाकिटातून इडली आणि डोसा दोन्ही निघायला हवं, आणि डाळ जास्त झाली की पीठ इतकं फेसाळतं की पाकीट भरणाऱ्या यंत्राला ते झेपत नाही. आंबवण्याची पद्धत? अज्जी रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायच्या. इथे पीठ ठरावीक आंबटपणापर्यंत आणून लगेच थंड करतात, नाहीतर दुकानात जाईपर्यंत पाकिटाचा फुगा होतो. आणि वाटण? इथे मात्र साम्य निघालं. डाळ वेगळी, तांदूळ वेगळे, आणि डाळ तापू नये म्हणून वाटताना बर्फाचं पाणी. अज्जींच्या माठाचं काम इथे बर्फ करतो.

“आणि तरंगायची परीक्षा?” मी विचारलं.

“ती नाही करत. आम्ही मिनिटं मोजतो आणि तापमान बघतो.”

म्हणजे माझ्या हातातली सगळ्यात सुंदर गोष्ट कारखान्यापुरती खोटी होती. आणि ‘आजीची रेसिपी’ हा शब्द तर त्याहून अडचणीचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांत ‘पारंपरिक’ हा शब्द केव्हा वापरावा ते सांगितलं आहे. ती कृती किंवा पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हवी आणि त्या काळात फारशी न बदललेली हवी. प्रमाण दोनास एकवरून तिनास एकवर गेलं, तर ‘फारशी न बदललेली’ म्हणायला मन धजेना. त्याच नियमांत ‘होममेड’सारखे, ग्राहकाची दिशाभूल करू शकणारे शब्द वापरू नयेत असंही आहे. माझ्या मसुद्यातलं ‘अगदी घरी केल्यासारखी’ हे ‘सारखी’च्या आडोशाने वाचलं असतं कदाचित, पण आडोशाला उभं राहून जाहिरात लिहायची नसते. ‘ताजं’ या शब्दालाही तिथे अटी आहेत, तोही टाळला.

थोरल्या भावाला हे पटेना. “आजी आमची, कारखाना आमचा, मग रेसिपी आजीची का नाही?” त्याचं म्हणणं भावनेच्या दृष्टीने बरोबर होतं. मी म्हटलं, रेसिपीचा दावा सोडू या. अज्जींकडून कारखान्यात खरोखर काय आलं, तेवढंच सांगू. प्रमाण आलं नाही. डाळ वेगळी आणि गार वाटायची, हे आलं. आणि झाली का ते ओळखायची खूण येऊ शकते, तुम्ही ती आजपासून सुरू केलीत तर.

यावर सर्वांत जास्त चर्चा झाली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हाच. टेक्नॉलॉजिस्ट बाईंचा विरोध नव्हता, फक्त त्या म्हणाल्या की चित्रीकरणापुरती परीक्षा मी करणार नाही. करायची तर प्रत्येक घाण्याला करायची, नोंदवहीत रकाना हवा, आणि गोळा बुडाला तर तो घाणा पुढे जाणार नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. जी परीक्षा नापास करू शकत नाही, ती नुसती शोभेची. भावांनी दोन दिवस विचार केला, कारण अडलेला घाणा म्हणजे उशिरा निघणारी गाडी. मग होकार दिला. तीन आठवडे परीक्षा चालू राहिली, रकाना भरत गेला, त्यात ‘बुडाला, पुन्हा वाटला’ अशा नोंदीही आल्या, आणि मगच आम्ही कॅमेरा लावला. जाहिरातीसाठी कारखाना बदलला असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. उलटं झालं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

शेवटची संहिता अशी ठरली:

‘जुनं स्वयंपाकघर, अंधूक उजेड. आधी फक्त दगडाचा घरघर आवाज. आठेक वर्षांची नात डोळे चोळत येते.
नात: अज्जी, झालं?
अज्जी: मला काय विचारतेस? पाण्याला विचार.
अज्जी वाटीतल्या पाण्यात डाळीचा गोळा सोडते. बुडतो. नात सुस्कारा टाकते. पुन्हा घरघर. अज्जी दुसऱ्या हाताने खांदा चोळते. पुन्हा गोळा. तरंगतो. नात टाळी वाजवते.
आजचं स्वयंपाकघर. मोठी झालेली नात फ्रीजमधून पाकीट काढून पीठ भांड्यात ओतते. अज्जी खुर्चीत.
नात: अज्जी, दगडाची आठवण येते?
अज्जी: इडलीची येते. दगडाची कशाला?
कारखाना. हातमोजे घातलेला हात स्टीलच्या वाटीत डाळीचा गोळा सोडतो. तरंगतो.
आवाज: डाळ झाली का, हे आम्ही अजूनही पाण्यालाच विचारतो.
इडलीपात्राचं झाकण उघडतं. वाफ. पाकीट.’

बोलले जाणारे शब्द तीसही नाहीत. साठ सेकंदांत मराठी निवेदन शंभर-सव्वाशे शब्दांपर्यंत ताणता येतं, पण मग बुडणाऱ्या गोळ्याकडे बघायला वेळच उरत नाही. त्या गोळ्याला आम्ही पूर्ण चार सेकंद दिले, शांततेत. धाकट्याला ती शांतता ‘मेलेली’ वाटत होती आणि तिथे बासरी हवी होती. मी बासरीला नकार दिला. दगडाचा आवाज थांबल्यावर जी शांतता येते, तीच त्या प्रसंगातली उत्कंठा आहे.

आणखी एक तपशील असाच भांडून ठेवला. अज्जी खांदा चोळते ते दोन सेकंद. भावांना ते ‘नकारात्मक’ वाटलं. पण तेवढं काढलं की शेवटी दगडाबद्दल ती जे बोलते ते नुसतं विनोदी राहतं, त्यामागचं आयुष्य दिसत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी गोळा तरंगेना. कलाविभागातल्या मुलाने सोय म्हणून पाकिटातलंच पीठ आणलं होतं. पांढरं ते पांढरं, कॅमेऱ्याला काय कळणार, हा त्याचा हिशेब. पण पाण्याला कळलं. गोळा सरळ तळाशी जाऊन पसरला. शेवटी अज्जींच्या सूनबाईंनी घरून डाळ वाटून आणली, बर्फ घालून. ती पहिल्या फटक्यात तरंगली. मग उलटी पंचाईत, कारण पहिला गोळा बुडायला हवा होता! त्यासाठी अर्धवट वाटलेली डाळ वेगळी ठेवावी लागली. आम्ही सगळे हसलो, आणि त्या हसण्यात मी एक धोक्याची सूचना चक्क विसरून गेलो.

जाहिरात लागल्यावर आठवड्याभरात ती समोर आली. लोकांनी घरी परीक्षा सुरू केली. पाकीट आणलं, वाटीत पाणी घेतलं, चमचाभर पीठ सोडलं, बुडालं. त्याचे व्हिडिओ काढून ब्रँडला पाठवले: ‘तुमचं पीठ पाण्यालाच विचारलं, पाणी नाही म्हणतंय.’ वाक्य आमचं आणि मार आम्हालाच. लोकांची यात चूक काहीच नव्हती. परीक्षा नुकत्याच वाटलेल्या नुसत्या उडदाची आहे. पाकिटात तांदूळही असतो आणि पाणीही, शिवाय पीठ फ्रीजमधून काढून ढवळलं की धरलेली हवा आणि वायू बराचसा निघून जातो. ते पीठ बुडालं म्हणून इडली बिघडेलच असं नाही. तरंगलं म्हणून चांगली होईल असंही नाही. आम्ही ‘डाळ’ हा शब्द वापरला होता, पण पडद्यावर पांढरं ते सगळं पीठच दिसतं. कलाविभागातल्या त्या मुलाने चित्रीकरणाच्या दिवशी नेमकी हीच चूक केली होती, आणि आम्ही ती त्याची समजून सोडून दिली होती.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. जुन्या स्वयंपाकघरात गोळा सोडण्याआधी तीन सेकंदांचं दृश्य जोडलं: एका पातेल्यात डाळ, शेजारच्या पातेल्यात तांदूळ अजून भिजतच. आणि कारखान्याच्या दृश्यावर ठळक मराठी अक्षरं आली, ‘फक्त वाटलेली उडीद डाळ, तांदूळ मिसळण्यापूर्वी’. आधी कुणीतरी ती ओळ इंग्रजीत, तळाला, मुंगीच्या अक्षरांत टाकली होती. ती काढली. फसव्या जाहिरातींबाबत केंद्राने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा असं म्हटलं आहे. नसतं म्हटलं तरी मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर हा काही खुलासा नव्हे.

पाकिटाच्या मागेही चार ओळी बदलल्या. आधी तिथे गोष्टच पुन्हा छापायची होती. त्याऐवजी घरी काय बघायचं ते आलं: पाकीट थोडं फुगलेलं असेल तर ते पीठ अजून आंबत असल्यामुळे. फार आंबट झालं तर इडलीऐवजी डोसा किंवा उत्तप्पा करा. पिठावर गुलाबी, केशरी किंवा काळा ठिपका, बुरशी, किंवा आंबटाखेरीज दुसरा कुबट वास आला तर टाकून द्या. वरचा थर काढून वापरू नका. दुकानदार फुगलेलं पाकीट ‘खराब’ म्हणून परत करायचे, त्यांनाही या ओळींचा उपयोग झाला, असं विक्री बघणाऱ्या माणसाने सांगितलं.

जाहिरातीने खप किती वाढला, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. प्रामाणिक उत्तर असं की वेगळं काढता आलं नाही. त्याच महिन्यात भावांनी दुकानदारांना जादा कमिशन दिलं होतं आणि नवीन उपनगरातही माल टाकला होता. दोन औषधं एकदम घेतल्यावर कुठल्याने बरं वाटलं ते कसं सांगणार? मी आधीच हट्ट धरायला हवा होता की एका भागात फक्त जाहिरात जाऊ दे. धरला नाही, ते चुकलं.

दुरुस्त केलेली आवृत्ती अज्जींना मोबाईलवर दाखवली. दगडाचं वाक्य आल्यावर त्या हसल्या नाहीत, नुसती मान हलवली. मग म्हणाल्या, मागे घे. मागे घेतलं. अजून मागे. गोळा सोडणाऱ्या हाताशी थांबवायला सांगितलं.

“हिने बोटं भिजवली नाहीत,” त्या म्हणाल्या. “कोरड्या बोटांनी डाळ सुटते होय? निम्मी हातालाच राहील.”

आम्ही सगळे त्या अभिनेत्रीची बोटं बघत राहिलो. डाळ खरंच निम्मी हाताला राहिली होती.